सर्वांत मोठा ग्राहक गेला, त्या महिन्याचं गुंतवणूकदारांचं अपडेट

प्रश्न: आम्ही सात जण आहोत, घाऊक वितरकांच्या गोदामांसाठी मालसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवतो. अकरा गुंतवणूकदारांना दर महिन्याला अपडेट पाठवतो. जूनमध्ये आमचा सर्वांत मोठा ग्राहक सोडून गेला. दोन नवे करार जवळजवळ ठरलेत, ते झाले की दोन्ही बातम्या एकत्रच द्याव्यात असं माझ्या सहसंस्थापकाचं म्हणणं आहे. थांबावं का? आणि आत्ताच लिहायचं तर आकडे, ही बातमी, पुढची कामं आणि आम्हाला हवी असलेली मदत कशी मांडायची?

उत्तर:

थांबू नका. दर महिन्याला ज्या तारखेच्या आसपास तुमचं अपडेट जातं, त्याच सुमारास हेही जाऊ द्या. मी आठ वर्षं स्वतः कंपनी चालवली आणि गेली काही वर्षं लहान कंपन्यांमध्ये पैसे घालते, त्यामुळे ही पत्रं लिहिलीही आहेत आणि दर महिन्याला वाचतेही. नियमाने येणारं अपडेट एखाद्या महिन्यात आलं नाही, की वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो काहीतरी बिघडल्याचाच. काय बिघडलं हे माहीत नसल्यामुळे तो प्रत्यक्षाहून वाईटच धरून चालतो.

माझ्या कंपनीत मी एकदा असंच केलं होतं. एका मोठ्या ग्राहकाने नूतनीकरणाला नकार दिला आणि चांगली बातमी हाताशी येईपर्यंत मी तीन महिने गप्प राहिले. आमच्या मुख्य गुंतवणूकदाराला ती बातमी त्या ग्राहकाच्याच कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडून कळली. ग्राहक गेल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "मागच्या तीन महिन्यांत आणखी काय काय मला कळलेलं नाही?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं वर्षभर माझा प्रत्येक आकडा दोनदा तपासला जायचा.

मेल लिहायला बसण्याआधी एक काम करा. ज्याने गुंतवणुकीच्या फेरीचं नेतृत्व केलं तो गुंतवणूकदार आणि संचालक मंडळावर कोणी असेल तर ती व्यक्ती, यांना फोन करा. दहा मिनिटं पुरतात. इतकी मोठी बातमी त्यांना बाकीच्या दहा जणांबरोबर मेलमधून कळणं बरोबर नाही. भागधारक करारातलं माहिती देण्याविषयीचं कलमही एकदा उघडून बघा. काही करारांत मोठी घडामोड ठरावीक दिवसांत लेखी कळवायची अट असते, आणि ती अट मासिक अपडेटची वाट बघत नाही.

आता आकड्यांकडे. तुमचे खरे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून तुमच्या आकाराच्या कंपनीला शोभतील असे मी धरते. सगळे लाखांत आहेत. मेअखेर दरमहा ठरलेलं उत्पन्न, म्हणजे एमआरआर, १४.० होता. जूनमध्ये पाच नवे ग्राहक आले, त्यांचे ०.९. जुन्यांपैकी काहींनी जास्त गोदामं जोडली, त्याचे ०.३. काहींनी वापर कमी केला, तिथे ०.२ गेले. तीन ग्राहक सोडून गेले, त्यांत मोठ्याचे २.४ आणि दोन लहानांचे मिळून ०.२, म्हणजे २.६ गेले. जूनअखेर एमआरआर राहिला १२.४.

अपडेटमध्ये ही बेरीज-वजाबाकी जशीच्या तशी द्या. फक्त "एमआरआर १२.४" लिहिलंत तर वाचणारा मागचं पत्र शोधेल, १४.० बघेल आणि मधल्या फरकाची कथा स्वतःच रचेल. आले किती, वाढले किती, कमी झाले किती, गेले किती, हे चार तुकडे समोर असले की एका ओळीत दोन गोष्टी दिसतात: एका ग्राहकाने १७ टक्के उत्पन्न नेलं, आणि त्याला बाजूला ठेवलं तर धंदा फार विस्कटलेला नाही. गळतीही दोन्ही प्रकारे लिहा. गेलेले आणि कमी झालेले मिळून, त्या ग्राहकासह ती १४.० मधले २.८, म्हणजे २० टक्के. त्याला वगळून उरलेल्या ११.६ मधले ०.४, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. फक्त दुसरा आकडा दिलात तर ती लपवाछपवी होते. फक्त पहिला दिलात तर तुम्ही स्वतःवर नाहक अन्याय करता.

इथे एक मोह होतो, आणि तो चांगल्या माणसांनाही होतो. जूनमध्ये पाच आले, तीन गेले, म्हणजे ग्राहकांची संख्या ६१ वरून ६३ झाली. हे खरं आहे. पण "ग्राहक वाढून ६३" ही ओळ सर्वांत वर गेली आणि १२.४ खाली कुठेतरी राहिला, तर खऱ्या आकड्यांनीच वाचणाऱ्याची दिशाभूल होते. ग्राहकसंख्या द्या, पण एमआरआरच्या खाली. आणि तिच्या शेजारी असा आकडा द्या जो तिला ताळ्यावर ठेवेल. तुमच्या धंद्यात तो म्हणजे दर आठवड्याला सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरणारे ग्राहक. समजा एप्रिलमध्ये ५८ पैकी ५३ वापरत होते, मेमध्ये ६१ पैकी ५४ आणि जूनमध्ये ६३ पैकी ५४. ग्राहक वाढताहेत, वापर जागेवर आहे. नऊ ग्राहक पैसे भरतात पण सॉफ्टवेअर उघडत नाहीत. उद्या कोण जाईल याचा अंदाज तिथेच मिळतो.

असे पाच आकडे पुरतात, आणि प्रत्येकाचे निदान मागचे तीन महिने शेजारी हवेत. व्याख्या दर महिन्याला तीच ठेवा. एखादी बदलायचीच असेल, उदाहरणार्थ "वापरणारा ग्राहक" मोजण्याची पद्धत, तर ती चांगल्या महिन्यात बदला आणि पुढचे तीन महिने जुना आणि नवा असे दोन्ही आकडे द्या. वाईट महिन्यात बदललेल्या व्याख्येवर कोणाचा विश्वास बसत नाही, मग कारण कितीही खरं असो.

रोख रकमेचा आकडा मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि जास्तीत जास्त चुका तिथेच होतात. बँकेत जूनअखेर १६२ आहेत. जूनचा खर्च २७, ग्राहकांकडून जमा १४, म्हणजे निव्वळ बर्न १३. त्याआधीच्या दोन महिन्यांत तो ११ आणि १२ होता. बहुतेक संस्थापक तीन महिन्यांची सरासरी १२ काढतात, १६२ ला तिने भागतात आणि लिहितात, "रनवे साडेतेरा महिने." पद्धत एरवी ठीक आहे. या महिन्यात ती चुकीची आहे, कारण गेलेल्या ग्राहकाचे पैसे जूनच्या जमेत अजून आहेत. जुलैपासून जमा १२.४ च्या आसपास येईल. खर्च २७ च राहिला तर बर्न १४.६ होतो आणि १६२ पुरतात ११ महिने. एका ग्राहकाने अडीच महिने कमी केले. गुंतवणूकदाराला हवा आहे तो हा पुढे बघणारा आकडा. तुम्ही दिला नाहीत तर तो स्वतः काढेल आणि तुम्हाला तो दिसला नाही असं समजेल. तेव्हा दोन्ही लिहा: मागच्या सरासरीने साडेतेरा, आजच्या परिस्थितीने अकरा.

तसंच एखाद्या ग्राहकाने वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते वेगळे दाखवा. जूनमध्ये असे ६ आले असते तर बर्न १३ ऐवजी ७ दिसला असता, बँकेत १६८ दिसले असते, आणि भागाकार करून कोणीही आनंदाने "दोन वर्षांचा रनवे" लिहिला असता. ते पैसे खरे आहेत, पण पुढचे अकरा महिने त्या ग्राहकाकडून काही येणार नाही. आणि जो ग्राहक गेला त्याचं शेवटचं बिल येणं असेल तर ते हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. सोडून गेलेला ग्राहक शेवटचं बिल रेंगाळवतो हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मग बातमीचा परिच्छेद. मला येणाऱ्या पत्रांमध्ये तो साधारण असा असतो:

> जूनमध्ये आमच्या एका प्रमुख ग्राहकाने त्यांच्या अंतर्गत धोरणात्मक बदलांमुळे आमची सेवा थांबवण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्यांच्याशी चांगले संबंध राखून आहोत. या अनुभवातून आम्ही बरंच शिकलो असून संघ नव्या जोमाने कामाला लागला आहे.

यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण वाचून झाल्यावर मला काहीच कळलेलं नसतं. किती पैसे गेले, का गेले, तुम्हाला कधी कळलं, आणखी कोण जाऊ शकतं, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. हेच चार प्रश्न मी फोन करून विचारते. त्यांची उत्तरं लिहायची तर थोडं आतमध्ये बघावं लागतं, आणि ते बघणं हाच अपडेट लिहिण्याचा तुम्हाला स्वतःला होणारा खरा उपयोग आहे.

"का गेले" याचं उत्तर बहुतेक वेळा दोन थरांचं असतं. वरचा थर ग्राहकाने सांगितलेला. समजा त्यांचं म्हणणं, "आमच्या नव्या मालकांकडे स्वतःची प्रणाली आहे." हे खरं असेलही. खालचा थर तुमच्याच नोंदींमध्ये सापडतो. लॉगिनचे आकडे काढून बघा. मार्चमध्ये त्यांचे ३८ लोक दर आठवड्याला सॉफ्टवेअर उघडत होते, एप्रिलमध्ये २१, मेमध्ये ९. त्यांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी इंटिग्रेशन मागितलं होतं. तुम्ही फेब्रुवारी सांगितलं, मग एप्रिल सांगितलं, आणि एप्रिलही गेला. ज्यांनी तुमचं सॉफ्टवेअर निवडलं होतं ते व्यवस्थापक मार्चमध्ये नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीशी तुमच्यापैकी कोणीही एकदासुद्धा बोललं नाही. अशा वेळी नवे मालक आले म्हणून ते गेले हे अर्धंच खरं ठरतं. वापर चांगला असता तर नव्या मालकांसमोर तुमची बाजू मांडायला आत कोणीतरी असतं.

हा खालचा थर लिहायला हात जड होतो, कारण त्यात तुमची चूक दिसते. तरी तो लिहाच. निव्वळ बाहेरचं कारण दिलंत तर वाचणारा म्हणेल, हे उद्या परत होऊ शकतं आणि यांच्या हातात काही नाही. आतलं कारण दिलंत तर त्याला दिसतं की दुरुस्त करण्यासारखं काहीतरी सापडलं आहे. माफी मात्र मागत बसू नका, आणि ज्याने इंटिग्रेशन वेळेत केलं नाही त्याचं नावही लिहू नका. हे पत्र अकरा जणांकडे जातं, त्यांच्याकडून पुढे कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि तो माणूस उद्या सकाळी तुमच्या शेजारीच बसणार आहे. गेलेल्या ग्राहकाचं नाव लिहिण्याआधीही त्यांच्याशी झालेल्या करारातली गोपनीयता बघा. शंका असेल तर "आमचा सर्वांत मोठा ग्राहक" एवढं पुरेसं आहे.

"आणखी कोण जाऊ शकतं" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि अपडेटमध्ये त्याचं उत्तर जवळजवळ कधीच नसतं. तुम्ही द्या. उत्पन्नाने पहिले दहा ग्राहक घ्या, प्रत्येकाचा तीन महिन्यांचा वापर काढा, आणि आत आपलं ऐकणारा माणूस अजून आहे का ते तपासा. समजा दहापैकी दोघांचा वापर उतरतो आहे आणि त्यांचे मिळून १.५ आहेत. मग लिहा, "पहिल्या दहांत दोघांची काळजी वाटते, मिळून १.५." आता तुमचा सर्वांत मोठा ग्राहक १.१ चा, म्हणजे ९ टक्क्यांचा आहे, हेही लिहा. तो गेला तरी जूनसारखा धक्का बसणार नाही, हा दिलासा आहे आणि तो आकड्याने दिलेला आहे.

आता ते दोन जवळजवळ ठरलेले करार. त्यांचा उल्लेख करा, पण एमआरआरमध्ये धरू नका, आणि "जवळजवळ ठरले" असंही लिहू नका. करार नेमका कुठे आहे ते लिहा: "दोन करार, मिळून ०.७, ग्राहकांच्या कायदेशीर विभागाकडे आहेत, सही झालेली नाही." सहसंस्थापकांना हा हिशेबही दाखवा. दोन्ही करार झाले तरी २.४ च्या जागी ०.७ येतात. म्हणजे महिनाभर थांबून जी चांगली बातमी हाती येईल, ती या वाईट बातमीचा तिसरा हिस्साही भरून काढत नाही. मिळेल ते फक्त महिनाभराचं मौन.

पुढची कामं दोनच लिहा. मला सहा-सात प्राधान्यांची यादी येते तेव्हा मी ती वाचत नाही, कारण सात माणसांची कंपनी एका महिन्यात सात गोष्टींना प्राधान्य देऊ शकत नाही. तुमची दोन कामं वरच्या बातमीतूनच निघतात: पहिल्या दहा ग्राहकांशी प्रत्यक्ष भेटी आणि ते अडकलेलं इंटिग्रेशन. प्रत्येकापुढे नाव, तारीख आणि काम झालं हे कशावरून कळेल ते लिहा. तिसरी ओळ लिहा ती थांबवलेल्या कामाची. मोबाइल अॅपची नवी आवृत्ती तीन महिने पुढे ढकलली असेल तर तसं सांगा. काहीतरी थांबवल्याशिवाय नवं प्राधान्य खरं आहे यावर माझा विश्वास बसत नाही. मागच्या महिन्यात ठरवलेल्या कामांचं काय झालं तेही इथेच, एका ओळीत.

यालाच जोडून एक गोष्ट आहे जी फार कमी जण लिहितात: कोणत्या आकड्याला आपण काय करू, हे आधीच ठरवून सांगणं. गणित करून बघू. असंच चाललं तर सप्टेंबरअखेर, म्हणजे तीन महिन्यांत, १४.६ च्या बर्नने जवळपास ४४ जातील आणि बँकेत ११८ उरतील. तेव्हाही बर्न तोच असेल तर हातात आठ महिने आहेत. नवी फेरी उभारायला सहा महिने लागू शकतात हे धरलं, तर आठ महिने फारच निसटते. पण त्या वेळी खर्च २७ वरून २३ वर आणला तर बर्न १०.६ होतो आणि तेच ११८ परत अकरा महिने पुरतात. म्हणून अपडेटमध्ये लिहा, "सप्टेंबरअखेर एमआरआर १३.५ झाला नाही तर खर्च २३ वर आणू." हे वाक्य आज शांतपणे लिहिणं सोपं आहे. सप्टेंबरमध्ये, दोन माणसं समोर बसलेली असताना, हाच निर्णय घेणं महाकठीण असतं आणि तो दोन-तीन महिने पुढे ढकलला जातो. अकरा जणांना आधीच सांगितलेलं असलं की ढकलणं अवघड होतं. कपात कुठे होईल ते मात्र या पत्रात लिहू नका, त्यातून तुमच्याच लोकांना ते भलत्या वाटेने कळेल. तो तपशील संचालक मंडळासमोर ठेवा.

शेवटी मदत. "ओळखीत कोणी असेल तर जरूर जोडून द्या" या वाक्यावर कोणीही काही करत नाही. मी वाचते, माझ्या मनात चांगली भावना येते आणि मी पुढच्या मेलकडे वळते. मला हलवायचं असेल तर माझं काम दोन मिनिटांवर आणा. कोण हवं, किती हवेत, कधीपर्यंत, आणि मी पुढे पाठवू शकेन असा तयार मजकूर. तुमची गरजही आता स्पष्ट आहे. एका मोठ्या ग्राहकाच्या जागी दुसरा तेवढाच मोठा शोधला तर तोच धोका परत घरात येतो, म्हणून मध्यम आकाराचे ग्राहक हवेत. तेव्हा मागणी अशी: तीन ते आठ गोदामं असलेल्या औषध वितरण कंपन्यांच्या कामकाज प्रमुखांशी चार ओळखी, २५ जुलैपर्यंत. खाली तीन वाक्यांचा मजकूर, जो कापून तसाच पाठवता येईल. दुसरी मागणी ज्ञानाची असू शकते: हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी इंटिग्रेशन केलेला एखादा अभियंता, ज्याच्याशी तुमचा तांत्रिक प्रमुख तासभर बोलेल.

दोनपेक्षा जास्त मागण्या नकोत. आणि सर्वांना मेल गेल्यावर, ज्या दोन-तीन गुंतवणूकदारांच्या ओळखी नेमक्या त्या क्षेत्रात आहेत त्यांना वेगळा दोन ओळींचा निरोप पाठवा: "मेलमधली पहिली मागणी तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहे." माझा अनुभव असा की ओळखी यातूनच मिळतात, मुख्य मेलमधून क्वचित. मागच्या महिन्यात कोणी मदत केली असेल तर त्यांचं नाव आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहा. मी ओळख करून दिली आणि पुढे काहीच कळलं नाही, तर दुसऱ्यांदा मी तेवढ्या उत्साहाने फोन उचलत नाही.

मधल्या काळासाठी आणखी पैसे हवे असतील तर ती मागणी या मेलमध्ये घालू नका. ती आधी मुख्य गुंतवणूकदाराशी प्रत्यक्ष बोलून ठरवायची. सगळ्यांना एकदम पैसे मागितले की प्रत्येक जण बाकीचे काय करतात याची वाट बघतो.

वरचं सगळं एकत्र आणलं तर पत्र असं दिसेल:

> विषय: जून अपडेट: एमआरआर १२.४, सर्वांत मोठा ग्राहक गेला, रनवे ११ महिने
>
> नमस्कार,
>
> जूनमध्ये आमचा सर्वांत मोठा ग्राहक (दरमहा २.४, उत्पन्नाच्या १७ टक्के) सोडून गेला. आकडे, कारण आणि पुढे काय करतो आहोत ते खाली आहे. दोन गोष्टींत तुमची मदत हवी आहे, ती शेवटी. सर्व रकमा लाखांत.
>
> | | एप्रिल | मे | जून |
> |---|---|---|---|
> | एमआरआर | १३.५ | १४.० | १२.४ |
> | ग्राहक | ५८ | ६१ | ६३ |
> | दर आठवड्याला वापरणारे | ५३ | ५४ | ५४ |
> | निव्वळ बर्न | ११ | १२ | १३ |
> | बँकेत | १८७ | १७५ | १६२ |
>
> जूनचा हिशेब: १४.० + नवे ०.९ + वाढ ०.३ − घट ०.२ − गेलेले २.६ = १२.४. गळती २० टक्के, मोठा ग्राहक वगळून साडेतीन टक्क्यांच्या आत. रनवे मागच्या सरासरीने साडेतेरा महिने, जुलैपासूनच्या जमेने ११.
>
> काय झालं: ग्राहकाच्या नव्या मालकांकडे स्वतःची प्रणाली आहे. पण त्यांचा वापर मार्चपासून उतरत होता (आठवड्याला ३८ लोक, मग २१, मग ९). मागितलेलं इंटिग्रेशन आम्ही दोनदा पुढे ढकललं आणि नव्या व्यवस्थापकांना भेटलो नाही. हे आम्हाला एप्रिलमध्ये दिसायला हवं होतं. आता पहिल्या दहा ग्राहकांचा वापर दर सोमवारी तपासतो. दोघांची काळजी वाटते, मिळून १.५. सर्वांत मोठा ग्राहक आता ९ टक्के आहे.
>
> जुलै: १) पहिल्या दहाही ग्राहकांची प्रत्यक्ष भेट, २० जुलैपर्यंत, दोघे संस्थापक. २) इंटिग्रेशन तीन ग्राहकांकडे चालू, ३१ जुलैपर्यंत, तांत्रिक प्रमुख. मोबाइल अॅपची नवी आवृत्ती ऑक्टोबरपर्यंत थांबवली आहे. जूनमध्ये ठरवलेल्या दोनपैकी विक्रीचं काम झालं, इंटिग्रेशन झालं नाही. दोन करार (०.७) कायदेशीर विभागाकडे आहेत, सही नाही. सप्टेंबरअखेर एमआरआर १३.५ झाला नाही तर खर्च २७ वरून २३ वर आणू.
>
> मदत हवी आहे: १) तीन ते आठ गोदामं असलेल्या औषध वितरण कंपन्यांच्या कामकाज प्रमुखांशी चार ओळखी, २५ जुलैपर्यंत. पुढे पाठवायचा मजकूर खाली आहे. २) हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी इंटिग्रेशन केलेल्या अभियंत्याचा एक तास.
>
> मेमध्ये करून दिलेल्या दोन ओळखींपैकी एक जण जूनमध्ये ग्राहक झाला. मनापासून आभार.

यापेक्षा मोठं करू नका. मेलच्या मजकुरातच लिहा, जोडलेल्या फाइलमध्ये नको, कारण बरेच जण ते फोनवर, दोन बैठकांच्या मधल्या वेळात वाचतात. पत्ते बीसीसीमध्ये घाला, नाहीतर एकाच्या उत्तरावर बाकीच्या दहा जणांची चर्चा सुरू होते. विषयाच्या ओळीत वाईट बातमी दिसू द्या. फक्त "जून अपडेट" असं लिहिलेलं पत्र दोन आठवडे न उघडता पडून राहू शकतं.

पाठवल्यानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा. तीन-चार जण लगेच उत्तर देतील, बहुतेक प्रश्न त्या दोन काळजीच्या ग्राहकांबद्दल आणि २३ च्या खर्चाबद्दल असतील. कोणी विचारलेला प्रश्न सगळ्यांच्या कामाचा असेल तर त्याचं उत्तर जुलैच्या पत्रात घाला. त्या पत्रात तोच तक्ता असेल, त्याला जुलैचा रकाना जोडलेला, आणि खाली १३.५ ची ओळ, मग तेव्हा एमआरआर १२.१ असो की १२.९.